पृथ्वीच्या पोटातली घनता, बाहेरून मोजलेली

रशियातल्या कोला द्वीपकल्पावर माणसाने खणलेलं सर्वांत खोल भोक आहे. खोली १२,२६२ मीटर. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे एवढं खणूनही आपण केंद्राच्या वाटेवर पाचशे भागांतला एक भागच उतरलो. तरीही पृथ्वीच्या केंद्राशी पदार्थ पाण्याच्या तेरा पट जड आहे, हे आज पाठ्यपुस्तकात छापलेलं असतं. हे कुणी जाऊन पाहिलेलं नाही. ते कळण्याची सुरुवात झाली ती दोन आकड्यांपासून, आणि ते दोन्ही आकडे म्हणजे एकेक तिहेरी समाकलन.

तिहेरी समाकलन म्हणजे मुळात धीराने केलेली बेरीज. गोळ्याचे इतके बारीक तुकडे करायचे, की प्रत्येक तुकड्यापुरती घनता एकसारखी धरता यावी. गोळ्यात असा तुकडा एका वाकड्या विटेसारखा असतो. त्याची केंद्राकडून बाहेर जाणारी बाजू dr, उत्तर-दक्षिण बाजू r dθ आणि पूर्व-पश्चिम बाजू r sinθ dφ. θ हा उत्तर ध्रुवापासून मोजलेला कोन. पूर्व-पश्चिम बाजूत sinθ येतो, कारण ध्रुवाकडे जाताना अक्षवृत्तं आक्रसत जातात. तिन्ही बाजूंचा गुणाकार हे विटेचं आकारमान, त्याला तिथल्या घनतेने, म्हणजे ρ ने, गुणलं की विटेचं वस्तुमान. आता सगळ्या विटा मोजायच्या:

M = ∭ ρ r² sinθ dr dθ dφ

घनता फक्त खोलीप्रमाणे बदलते असं धरलं, तर कोनांची बेरीज 4π येते आणि उरतं M = 4π∫ρ r² dr. हे M आपल्याला ठाऊक आहे. हेन्री कॅव्हेंडिशने १७९८ मध्ये शिशाच्या गोळ्यांमधलं अतिसूक्ष्म आकर्षण मोजलं, त्यावरून पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पटींच्या जवळपास निघाली. आजचा आकडा ५.५१. सह्याद्रीतला काळा बेसॉल्ट साधारण २.९ पट, ग्रॅनाइट २.७ पट. म्हणजे आत काहीतरी बरंच जड आहे. पण ते कुठे आहे? मध्यभागी गोळा होऊन बसलंय, की निम्म्या वाटेपर्यंत पसरलंय? एकट्या वस्तुमानावरून याचं उत्तर मिळत नाही.

मग वस्तुमानकेंद्र काढून पाहावं असं कुणालाही वाटेल. त्याची कृती सोपी आहे. प्रत्येक विटेचं वस्तुमान तिच्या z या उंचीने गुणायचं, बेरीज करायची आणि M ने भागायचं. पण गोळ्यात z म्हणजे r cosθ, आणि उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत cosθ sinθ ची बेरीज शून्य येते. आत लोखंड असो की कापूस, थर गोल असले की वस्तुमानकेंद्र बरोबर मध्यावर. या समाकलनाला खोलीतला फरक दिसतच नाही. त्याला दिसतो तो एकांगीपणा.

तो कुठे पाहायला मिळतो, तर चंद्रावर. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या यानाने चंद्राभोवती फिरताना लेसरने पृष्ठभागाची उंची मोजली. चंद्राच्या आकाराचा मध्य आणि यान ज्याभोवती फिरतं ते वस्तुमानकेंद्र या दोन वेगळ्या जागा निघाल्या. त्यांच्यात सुमारे दोन किलोमीटरचं अंतर आहे आणि वस्तुमानकेंद्र पृथ्वीच्या बाजूला सरकलेलं आहे. पाठीमागच्या बाजूचं हलकं कवच जास्त जाड असेल तर असं होईल. किती जाड, याचा ढोबळ हिशोब करता येतो. कवचाची घनता २.५५, त्याखालच्या प्रावरणाची ३.२ आणि चंद्राची सरासरी ३.३४ धरली, तर कवचाखालचा सगळा गोळा पृथ्वीच्या बाजूला दहाएक किलोमीटर सरकवावा लागतो, तेव्हा कुठे वस्तुमानकेंद्र दोन किलोमीटर हलतं. म्हणजे मागचं कवच पुढच्यापेक्षा सुमारे वीस किलोमीटर जाड. दोन किलोमीटरच्या फरकावरून एवढं कळतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पण आपल्याला खोलीतला फरक हवा आहे, आणि तो दिसतो तिसऱ्या बेरजेत. कॉलेजात सगळे जिला मोमेंट ऑफ इनर्शिया म्हणतात तीच ही, मराठीत जडत्व परिबल. इथे प्रत्येक विटेचं वस्तुमान अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने गुणायचं. हमखास चूक होते ती इथेच. अंतर केंद्रापासून घ्यायचं नाही, फिरण्याच्या अक्षापासून घ्यायचं, म्हणजे r नव्हे, r sinθ:

I = ∭ ρ (r sinθ)² r² sinθ dr dθ dφ = (8π/3) ∫ ρ r⁴ dr

चूक पकडायची युक्ती अशी की आधी घनता सगळीकडे सारखी धरून पाहायची. I भागिले MR² हे ०.४ आलं तर ठीक. ०.६ आलं तर sinθ विसरलात.

आता दोन्ही सूत्रं शेजारी ठेवून बघा. वस्तुमानात घनतेला r² ने वजन मिळतं, जडत्व परिबलात r⁴ ने. तेच द्रव्य, पण दुसऱ्या बेरजेत बाहेरच्या थरांना कितीतरी जास्त मान. जड माल आत असेल तर M भरपूर येईल, पण I त्या मानाने कमी पडेल आणि गुणोत्तर ०.४ च्या खाली जाईल. किती खाली गेलं, त्यावरून आतल्या मांडणीचा अंदाज येतो.

पण पृथ्वीचं जडत्व परिबल मोजायचं कसं? तिला पीळ देऊन ती किती दाद देते ते पाहायचं, आणि तो पीळ सूर्य-चंद्र आयताच देतात. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे. त्या फुगवट्यावरच्या ओढीमुळे तिचा अक्ष कललेल्या भोवऱ्याच्या आरीसारखा हळूहळू घुमतो. एका फेरीला जवळपास २६,००० वर्षं लागतात. हेच संपातचलन. लोकमान्य टिळकांनी १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये वेदांचा काळ काढायला ज्याचा आधार घेतला, तेच. फुगवटा जितका मोठा तितका पीळ जास्त, आणि जडत्व परिबल जितकं मोठं तितकी घुमण्याची गती कमी. ध्रुवीय अक्षाभोवतीचं परिबल C आणि विषुववृत्तातल्या अक्षाभोवतीचं A म्हटलं, तर संपातचलनाच्या गतीवरून (C − A)/C मिळतं. ते आहे ०.००३२७४. दुसरीकडे याच फुगवट्यामुळे कृत्रिम उपग्रहांच्या कक्षेचं प्रतल सरकत राहतं. त्यावरून (C − A)/MR² मिळतं, ०.००१०८२६. दुसऱ्याला पहिल्याने भागा. C − A कटतं आणि हातात उरतं C/MR² = ०.३३०७.

०.४ नव्हे, ०.३३. आत जड गाभा असलाच पाहिजे.

आता हिशोब पुढे नेऊ. समजा घनता केंद्रापासून पृष्ठभागापर्यंत सरळ रेषेत कमी होते, ρ = a − b(r/R). हे M आणि I च्या सूत्रांत घातलं की दोन साधी समीकरणं मिळतात:

a − (3/4)b = 5.51

a − (5/6)b = 4.555

पहिल्यात उजवीकडे सरासरी घनता आहे. दुसऱ्यातलं 4.555 हे 5.51 ला ०.३३०७/०.४ ने गुणून आलंय. वजाबाकी केली की b/12 = 0.955, म्हणजे b = 11.46 आणि a = 14.1. थोडक्यात, केंद्राशी घनता १४.१ आणि पृष्ठभागाशी १४.१ वजा ११.४६, म्हणजे २.६.

इथे थांबून या आकड्यांकडे नीट पाहा. आपण समीकरणांत ग्रॅनाइटचा उल्लेखही केला नव्हता. आत घातलं ते काय, तर शिशाच्या गोळ्यांचा प्रयोग, अक्षाचं घुमणं आणि उपग्रहांच्या सरकत्या कक्षा. बाहेर पडली ती पायाखालच्या दगडाची घनता, जवळपास अचूक. केंद्रातला आज स्वीकारलेला आकडा १३.१ आहे, त्यापासूनही आपण फार दूर नाही. त्या बाराच्या भागाकारामुळे हा हिशोब नाजूक आहे, हे मात्र खरं. ०.३३०७ ऐवजी ०.३४ घेतलं तर केंद्रातली घनता १३ च्या आत येते आणि पृष्ठभागाची ३ वर जाते.

आणि तरीही हे चित्र चुकीचं आहे. एमिल वीखर्ट या जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये वेगळी मांडणी केली. सरळ रेषा नाही, दोन थर. बाहेर दगड, आत लोखंड, मध्ये एकदम उडी. दगडाची घनता त्याने ३.२ धरली. आजचे आकडे घालून तोच हिशोब केला, तर गाभ्याची त्रिज्या सुमारे ४,९०० किलोमीटर आणि घनता ८.३ येते. वीखर्टचे आकडेही याच्याच आसपासचे होते. या मांडणीतही वस्तुमान बरोबर, जडत्व परिबलही बरोबर. म्हणजे सरळ रेषा आणि उडी, दोघींनाही ही दोन्ही समाकलनं पास करतात. साहजिकच आहे. अनंत खोल्यांवरची घनता दोन बेरजांवरून एकमेव ठरणार कशी? दोन समीकरणांतून दोनच अज्ञातं सुटतात. बाकीचं आपण गृहीत धरून आत घातलेलं असतं.

हा निवाडा भूकंपांनी केला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात काम केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅमने १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाचा अभ्यास केला होता. १९०६ मध्ये त्याने दाखवलं की खूप खोलवरून येणाऱ्या लहरी अपेक्षेपेक्षा उशिरा पोचतात, म्हणजे आत वेगळ्या पदार्थाचा गाभा आहे. पुढे बेनो गुटेनबर्गने त्याची सीमा सुमारे २,९०० किलोमीटर खोल असल्याचं दाखवलं, म्हणजे गाभ्याची त्रिज्या साधारण ३,४८०. वीखर्टची उडी खरी ठरली, पण जागा चुकली. दाबाखाली दगडही दबतो आणि खोल प्रावरणात त्याची घनता साडेपाचपर्यंत चढते, हे त्याच्या ३.२ मध्ये नव्हतं.

त्या सीमेवर घनता आज ५.६ वरून एकदम ९.९ वर जाते असं मानतात. आपल्या सरळ रेषेला उडी ठाऊकच नाही. त्याच खोलीवर ती ७.८ सांगते, म्हणजे दोहोंच्या जवळजवळ मधोमध.

भूकंपलहरींनी उडीची जागा दाखवली, पण त्यांना कळतो तो मुख्यतः वेग. वेगावरून घनता काढताना पुन्हा त्या दोन बेरजांकडे यावं लागतं. आडाम झिवॉन्स्की आणि डॉन अँडरसन यांनी १९८१ मध्ये मांडलेली पृथ्वीची प्रमाण प्रतिकृती भूकंपमापनाच्या प्रचंड साठ्यावर उभी आहे. तिच्यातल्या थराथरांच्या घनतेलाही आधी हीच अट घातलेली होती: r² ने बेरीज केली तर पृथ्वीचं वस्तुमान यायला हवं, आणि r⁴ ने केली तर ०.३३०७ यायला हवं.