लोणचं पाहा, पापड मोडून पाहा. आडनाव विचारू नका

वर्षावास संपत आला की शेवगावात आणि आसपासच्या गावांत विहारांमध्ये समारोपाच्या भोजनाची तयारी सुरू होते. तीन महिने 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन झालेलं असतं आणि शेवटच्या दिवशी वस्ती एकत्र जेवते. भात, वरण, भाजी आपण घरीच करतो. लोणचं आणि पापड मात्र बहुतेक वेळा विकत आणतो. कधी बाजारातल्या दुकानातून, कधी आपल्याच वस्तीत घरगुती उद्योग करणाऱ्या एखाद्या ताईकडून.

या खरेदीत आम्ही दोन चुका पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. पहिली बाहेरच्यांची. गिऱ्हाईक बरणी हातात घेतं, वास घेतं, भाव विचारतं, मग "तुम्ही कुठल्या? आडनाव काय?" असं विचारतं आणि उत्तर ऐकून बरणी खाली ठेवतं. लोणच्यात काही खोट नसते. दुसरी चूक आपली. "आपल्याच बाईचा माल आहे" म्हणून आपण न पाहता घेतो, खराब निघाला तर गुपचूप फेकतो आणि पुढच्या वर्षी दुकानातून आणतो. एकाने जात पाहून नाकारलं, दुसऱ्याने जात पाहून घेतलं. माल दोघांनीही पाहिला नाही.

चंद्रभान प्रसाद यांनी २०१६ मध्ये 'दलित फूड्स' या नावानेच आंब्याचं लोणचं आणि मसाले विकायला काढले. ज्या हाताचं पाणी चालत नव्हतं, त्या हाताचं लोणचं लोक नाव वाचून विकत घेतात का, हा प्रश्न त्यांनी बाजारातच विचारला. तो प्रश्न आपल्या तालुक्यातही आहे. पण त्याचं उत्तर देण्याआधी माल कसा ओळखायचा हे आपल्याला नीट यायला हवं. म्हणून हा लेख.

मीठ: हिशोब मागा

कैरीचं लोणचं तीन गोष्टींवर टिकतं. कैरीचा आंबटपणा, मीठ आणि वरचं तेल. यांत सगळ्यात जास्त घोळ मिठात होतो.

साधा हिशोब करून पाहू. एक किलो कैरीच्या फोडी, २०० ग्रॅम मीठ, दीडशे ग्रॅम मसाला आणि तीनशे ग्रॅम तेल घेतलं तर सगळं मिळून सोळाशे पन्नास ग्रॅम होतं. त्यात मीठ साधारण १२ टक्के पडतं. असं लोणचं नीट ठेवलं तर वर्षभर टिकतं. हेच मीठ १०० ग्रॅम केलं तर प्रमाण साडेसहा टक्क्यांच्या आसपास येतं. ते चवीला चांगलं लागेल, पण पावसाळ्यात बाहेर टिकेल याची खात्री नाही. ते फ्रिजमध्ये ठेवून महिना-दीड महिन्यात संपवायचं लोणचं आहे.

म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच: "ताई, किलोला मीठ किती घातलं?" जिने स्वतः लोणचं घातलं आहे ती लगेच सांगते. कमी मीठ घालणं ही फसवणूक नाही. बीपीचा त्रास असलेल्यांसाठी कोणी मुद्दाम तसं करतं. १२ टक्क्यांच्या लोणच्याचा मोठा चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम खाल्लं तरी पावणेदोन ग्रॅमच्या वर मीठ पोटात जातं आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. पण कमी मिठाचं लोणचं "वर्षभर टिकतं" म्हणून विकणं चूक आहे.

चाखून पाहताना फोड खा, खार नाही. खार खारट आणि फोड आतून फिकी असेल तर लोणचं अजून मुरलेलं नाही. फोड बोटाने दाबली की लगदा होत असेल तर कैरी पिकायला आलेली होती किंवा मीठ कमी पडलं.

तेल: जंतू मारत नाही, हवा अडवतं

तेलामुळे लोणचं टिकतं असं आपण म्हणतो. खरं म्हणजे तेल जंतू मारत नाही, ते फक्त हवा आत जाऊ देत नाही. बुरशीला वाढायला हवा लागते. म्हणून वर आलेली एक उघडी फोडही पुरते, तिच्यावरच आधी बुरशी धरते.

बरणी हलवू नका, आधी तशीच पाहा. फोडींच्या वर बोटाच्या पेराएवढं तेल उभं असेल तर चांगलं. मग बरणी थोडी तिरकी करा. तेल मोकळं वाहिलं पाहिजे आणि खाली बुडबुडे उठता कामा नयेत.

खवट तेल नाकाला कळतं. जुन्या शेंगदाण्यांचा किंवा जुन्या रंगाच्या डब्याचा असतो तसा वास येतो आणि चाखल्यावर घशात खवखव राहते. मिरची आणि हिंग या वासाला झाकतात, म्हणून बरणीतला मसाला नाही, वरचं नुसतं तेल एक थेंब जिभेवर घ्या. तळणातून उरलेलं तेल कोणी वापरलं असेल तर ते काळपट, जड लागतं. पण तिखटाच्या लाल रंगात ते दरवेळी ओळखू येईलच असं नाही. म्हणून तेल कोणतं आणि नवं की तळलेलं, हे तोंडाने विचारा. थंडीत शेंगदाणा तेल गढूळ होतं, कधी थिजतं. ती खराबी नाही, उन्हात ठेवलं की मोकळं होतं.

काय पाहून बरणी परत द्यायची

केसाळ, कापसासारखी बुरशी, मग ती पांढरी असो, हिरवी असो की काळी, दिसली की संपूर्ण बरणी नको. "वरचं काढून टाका, खालचं चांगलं आहे" हे ऐकू नका. बुरशीचे धागे दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात. झाकण फुगलं असेल, उघडताना फस्स आवाज झाला किंवा दारूसारखा वास आला तर आत आंबण सुरू झालं आहे. लिंबाच्या किंवा खाऱ्या पाण्यातल्या लोणच्यावर कधी गुळगुळीत पांढरा पापुद्रा येतो. तो बुरशीइतका वाईट नसला तरी मीठ कमी पडल्याची खूण आहे, असा माल विकत घेऊ नये. मात्र फोडीवर पांढरे कण दिसले तर एक कण पाण्यात टाका. विरघळला तर ते मीठ आहे.

एक धोका डोळ्यांना आणि नाकाला कळत नाही. लसूण किंवा हिरवी मिरची नुसती तेलात बुडवून ठेवली, लिंबू किंवा व्हिनेगर घातलंच नाही, तर आंबटपणा नसतो आणि तेलाखाली हवाही नसते. अशा ठिकाणी बॉट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांचं विष घातक असतं आणि त्याला वास किंवा रंग असेलच असं नाही. लसणाच्या लोणच्यात आंबट काय घातलं हे विचारल्याशिवाय ते घेऊ नका.

पापड, कुरडई, खारोड्या

इथे सगळा खेळ ओलाव्याचा आहे. कुरडई आणि बाजरीच्या खारोड्या काडकन मोडल्या पाहिजेत. वाकल्या तर आत ओल आहे. उडदाचा पापड मात्र थोडा लवचीक असतो, तो वाकला म्हणून नाकारू नका. तो हाताला चिकट किंवा दमट लागतो का ते पाहा.

पापडावरचे काळे ठिपके मिऱ्याचे की बुरशीचे? नखाने खरवडा. मिरं पिठात रुतलेलं असतं, निघत नाही. बुरशी पुडीसारखी पुसली जाते आणि तिला कोंदट वास येतो. पिशवीच्या तळाशी पीठ साचलं असेल, बारीक भोकं किंवा जाळी दिसत असेल तर किडा लागला आहे. ओले झालेले पापड पुन्हा उन्हात वाळवून विकले जातात. वाळवल्याने बुरशी दिसेनाशी होते, तिचं विष राहू शकतं आणि तळल्यानेही ते जातंच असं नाही.

शेवटी एक पापड भाजून मागा. सगळीकडे सारखा फुलला तर लाटण बरोबर आहे. लालसर झाला आणि साबणासारखा कडवट लागला तर पापडखार जास्त झाला. कुरडईला मात्र हलका आंबूस वास असतो. गहू भिजवून चीक काढतात म्हणून तो येतो, ती खराबी नाही.

आमच्याकडे काय घडलं

एका वर्षी समारोपासाठी आम्ही वस्तीतल्या एका मावशीकडून पाच किलो लोणचं घेतलं. न पाहताच. भोजनाच्या आदल्या दिवशी बरणी उघडली तर वर हिरवट बुरशी. आम्ही ते पुरून टाकलं, दुकानातून नवं आणलं आणि मावशीला वाईट वाटेल म्हणून काही बोललो नाही. पुढच्या हंगामात तिच्या आणखी तीन बरण्या गेल्या. तिच्या घामाचे पैसे मातीत गेले आणि त्यात आमच्या गप्प बसण्याचा वाटा होता.

मग आम्ही तिच्याजवळ बसलो आणि विचारत गेलो. कैऱ्या धुऊन लगेच फोडत होती, पुसून वाळवत नव्हती. मीठ किलोला १०० ग्रॅम. तेल कोमट असतानाच ओतत होती, त्याची वाफ झाकणाला धरून पाणी खाली पडत होतं. आणि तेल फोडींच्या खालीच राहत होतं. पुढच्या वर्षी तिने कैऱ्या पुसून पंख्याखाली सुकवल्या, मीठ २०० ग्रॅम केलं, तेल धूर येईपर्यंत तापवून पूर्ण गार होऊ दिलं आणि चार दिवसांनी फोडींनी तेल पिऊन घेतल्यावर पुन्हा गार तेल ओतलं. ते लोणचं दिवाळीनंतरही चांगलं होतं.

आता ती बरणीवर तारीख, वजन आणि घातलेले पदार्थ लिहिते. अन्नसुरक्षेची नोंदणीही केली. विकायचं असेल तर घरगुती उद्योगालाही ती लागते. बरणीवरचा चौदा अंकी क्रमांक foscos.fssai.gov.in वर तपासता येतो. पण एवढं लक्षात ठेवा, नोंदणी म्हणजे उद्योगाची नोंद झाली. ती समोरची बरणी कोणी तपासल्याचा दाखला नाही. दुकानातल्या चकचकीत पाकिटालाही हेच लागू आहे. बरणी आपल्यालाच पाहावी लागते.

हेच निकष आपल्या मावशीला लावा आणि तेच बाजारातल्या मोठ्या दुकानाला. माल खराब असेल तर तोंडावर सांगा आणि कारणही सांगा. चांगला असेल तर पूर्ण भाव द्या, "आपलीच आहेस, कमी कर" म्हणू नका. आणि कोणी तिच्या बरणीसमोर आडनाव विचारलं, तर आपण तिथेच उभं राहून सांगू शकतो: मीठ किलोला दोनशे ग्रॅम आहे, तेल फोडींच्या वर आहे, चाखून पाहा.