गुठळ्यांविना नाचणीची आंबील

नाचणीच्या पिठाची आंबील करायला पीठ, पाणी, मीठ आणि ताक एवढेच साहित्य लागते. तरीही ती अनेकदा बिघडते, आणि बिघडते ती बहुतेक वेळा गुठळ्यांमुळे. वरून गुळगुळीत दिसणारी गुठळी पळीच्या कडेने दाबून फोडली, तर आत फिकट, कोरडे, कच्चे पीठ निघते. चहूबाजूंनी उकळते पाणी असूनही ते पीठ भिजलेले नसते. हे कसे होते ते कळले की पाण्याचे प्रमाण, ढवळणे आणि आच या तिन्हींचे कारण आपोआप उलगडते.

नाचणीच्या पिठात सर्वांत मोठा वाटा पिष्टाचा म्हणजे स्टार्चचा असतो. गार पाण्यात पिष्टाचे कण नुसते ओले होतात आणि सुटे राहतात. पाणी साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसपर्यंत तापले की हेच कण पाणी शोषून फुगतात, चिकट होतात आणि एकमेकांना धरू लागतात. आंबील दाट होते ती याच टप्प्यावर. कोरडे पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले तर बाहेरच्या कणांना पाणी आणि उष्णता एकदमच मिळते. ते क्षणात फुगतात आणि त्यांचे चिकट कवच तयार होते. या कवचातून आतल्या पिठापर्यंत पाणी पोहोचत नाही. मग कितीही वेळ उकळले तरी कवच अधिक घट्ट होते आणि आतले पीठ तसेच राहते. म्हणून गुठळी शिजवून जात नाही, ती होण्याआधीच टाळावी लागते. प्रत्येक कण गार पाण्यात सुटा करून मगच त्याला उष्णता दाखवायची, हे या पदार्थाचे मुख्य सूत्र.

सुरुवात पिठापासून होते. नाचणीचा दाणा बारीक असतो आणि त्याचे तांबूस साल दळताना पिठातच राहते. पावसाळ्यात किंवा डबा नीट बंद नसल्यास हे पीठ ओल धरते आणि त्याचे खडे बनतात. ते भिजवताना फुटतीलच असे नाही, म्हणून पीठ आधी बारीक चाळणीने चाळून घ्यावे. या कामाला दोन मिनिटे लागतात, पण पुढची निम्मी कटकट वाचते.

पिण्याजोगी पातळ आंबील हवी असेल, तर एक भाग पिठाला आठ भाग पाणी हे प्रमाण बसते. दोन्ही एकाच वाटीने मोजावे. चमच्याने खाण्याइतकी दाट लापशी हवी असल्यास पाच ते सहा भाग पाणी पुरते. चार पेले आंबिलीसाठी दीडशे मिलिलिटरची वाटी धरली तर अर्धी वाटी पीठ आणि चार वाट्या पाणी घ्यावे. त्यातली एक वाटी पीठ कालवण्यासाठी गार, आणि तीन वाट्या उकळण्यासाठी. ताक यात धरलेले नाही, ते शेवटी वेगळे येते.

पीठ कालवताना सगळे पाणी एकदम ओतण्याचा मोह होतो, आणि नेमके तिथेच चुकते. पातळ पाण्यात पिठाचा गोळा चमच्यापुढे पळत राहतो आणि दाबला जात नाही. आधी पाव वाटीपेक्षा किंचित जास्त पाणी घालून पिठाचा दाट लगदा करावा. दाट लगद्यात चमचा फिरवला की कण एकमेकांवर घासले जातात आणि बारीक गोळेही फुटतात. चमच्याच्या पाठीने लगदा भांड्याच्या कडेला पसरून पाहिला आणि त्यात फिकट ठिपके दिसले नाहीत, की तो एकजीव झाला असे समजावे. मग उरलेले गार पाणी थोडे थोडे घालत तो सैल करावा. हे मिश्रण दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवले तर सालाचे कणही पाणी पितात आणि आंबील कमी रवाळ लागते.

आंबिलीच्या जुन्या पद्धतीत पीठ रात्रीच ताकात किंवा पाण्यात भिजवून सकाळपर्यंत आंबवले जाते. आंबट चव येते ती त्यामुळे, पण त्याचा आणखी एक फायदा म्हणजे रात्रभर भिजलेल्या पिठात कोरडा कण उरतच नाही. अशा पिठाच्या आंबिलीत गुठळ्या क्वचितच होतात. मात्र भिजवताना वापरलेले ताक किंवा पाणी एकूण प्रमाणात धरावे लागते, नाहीतर आंबील पाणचट होते.

आता चुलीवरचे काम. पातेले जाड बुडाचे असावे. पातळ बुडाच्या भांड्यात आचेच्या बरोबर वरचा भाग बाकीच्यापेक्षा फार तापतो आणि तिथे पीठ धरते. तीन वाट्या पाण्यात मीठ घालून ते मोठ्या आचेवर उकळावे. उकळी आली की आच मध्यमपेक्षा कमी करावी आणि मगच कालवलेले पीठ ओतावे. ओतण्याआधी ते तळापासून पुन्हा ढवळणे विसरू नये. नाचणीचे पीठ पाण्यात तरंगत राहत नाही, काही मिनिटांत खाली बसते. न ढवळता ओतले तर आधी वरचे पाणी जाते आणि शेवटी तळाचा दाट गाळ एकदम पडतो. पीठ नीट कालवूनही गुठळ्या झाल्या, तर बहुधा कारण हेच असते.

एका हाताने बारीक धार धरावी आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहावे. ढवळण्यासाठी सपाट कडेचा लाकडी उलथना किंवा तारेची रवी सोयीची पडते. एकाच दिशेने ढवळावे असे सांगितले जाते, पण दिशेने फरक पडत नाही. फरक पडतो तो उलथना कुठे पोहोचतो याने. गोल ढवळत राहिल्यास मधला भाग फिरतो आणि बूड व भिंत जिथे मिळतात तो कोपरा तसाच राहतो. तिथे बसलेले पीठ आधी फुगते, चिकटते आणि नंतर सुटून गुठळी म्हणून वर येते. म्हणून उलथना तळाला टेकवून आधी कडेने फिरवावा आणि मग मधून आडवा-उभा न्यावा.

पीठ ओतल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे सर्वांत नाजूक असतात. गार मिश्रणामुळे पाण्याची उकळी बसते. मग ते पुन्हा तापताना आधी तळाशी, नंतर सगळीकडे दाटपणा येतो. उलथन्याला अचानक जड लागू लागते, आणि त्याच क्षणी हात थांबवायचा नसतो. आच मोठी असेल तर तळ आणि वरचा भाग यांतला फरक इतका वाढतो की ढवळणे त्याला पुरे पडत नाही. आच कमी ठेवण्याचे कारण हेच. पहिला बुडबुडा फुटला आणि आंबील सगळीकडे सारखी दाट दिसली, की गुठळी होण्याची भीती संपली.

यानंतर मंद आचेवर आणखी सात-आठ मिनिटे शिजवावे. आता सतत ढवळण्याची गरज नसते, मिनिटाला एक-दोनदा तळापासून फिरवले तरी चालते. दाट आंबिलीचे बुडबुडे फुटताना हातावर गरम थेंब उडतात, म्हणून झाकण अर्धवट ठेवावे. दाटपणा आला म्हणजे आंबील शिजली, असे मात्र नव्हे. खरी खूण रंगात आणि वासात असते. कच्चे मिश्रण फिकट, मातकट गुलाबी दिसते. शिजल्यावर ते गडद तपकिरी होते आणि त्यावर चमक येते. कच्च्या पिठाचा वास जातो आणि जिभेवर पिठूळपणा उरत नाही. उलथना वर उचलला तर आंबिलीचा पातळ, सलग थर त्याच्या पाठीवर राहायला हवा.

आंबील निवताना आणखी दाट होते, कारण फुगलेले पिष्ट थंड झाल्यावर घट्ट बसते. त्यामुळे गरम असताना ती हवी त्याहून थोडी पातळच ठेवावी. ऐन शिजताना ती फार दाट वाटली तर गार पाणी ओतू नये, उकळते पाणी थोडे थोडे घालून घोटावे. ताक घालायचे ते आंबील कोमट झाल्यावर. गरम आंबिलीत ते फाटते आणि बारीक कण तयार होतात. हे कण गुठळ्यांसारखेच दिसतात, पण पिठाचा त्यात काही दोष नसतो. चार पेल्यांना एक ते दीड वाटी ताक पुरते, वर जिरेपूड आणि ठेचलेला लसूण.

दूध-गुळाची लापशी करताना पीठ आधी पाण्यातच शिजवावे आणि दूध शेवटी घालावे. दूध लवकर तळाला लागते आणि त्यात तळाचे पीठ दिसतही नाही. गूळ आच बंद करून, लापशी जरा निवल्यावर घातला तर दूध फाटण्याची शक्यता कमी होते.

मोड आणून, वाळवून दळलेल्या नाचणीचे पीठ वेगळे वागते. मोड येताना दाण्यात पिष्ट तोडणारी विकरे तयार होतात. ती आंबील तापत असतानाच काम सुरू करतात, त्यामुळे दाट होऊ लागलेली आंबील पुन्हा सैल पडते. अशा पिठाला आठऐवजी पाच-सहा भाग पाणी घेऊन पाहावे. उलट भिजवलेली नाचणी वाटून, कापडातून गाळून, तळाशी बसलेला साका वाळवून केलेले सत्त्व जवळजवळ निव्वळ पिष्ट असते. ते फार वेगाने दाटते. त्याला दहा भाग पाणी लागू शकते, आणि आच अगदी मंद असलेली बरी.

कर्नाटकात रागी मुद्दे करताना मात्र कोरडे पीठ मुद्दाम उकळत्या पाण्यात टाकतात. तिथे पाणी पिठाच्या दुप्पट-अडीचपट एवढेच असते. पीठ वाफेवर थोडा वेळ तसेच राहू देऊन मग लाकडी दांड्याने जोर लावून घोटतात, त्या जोराखाली गुठळ्या चिरडल्या जातात. आंबील पातळ असल्याने तिच्यात असा जोर लागत नाही, म्हणून ती रीत इथे चालत नाही.

काळजी घेऊनही गुठळ्या झाल्याच, तर आधी पातेले आचेवरून उतरवावे. एक-दोन गुठळ्या पळीच्या पाठीने कडेला दाबून मोडता येतात. जास्त असतील तर आंबील गाळणीतून ओतावी, वर राहिलेल्या गुठळ्या चमच्याने जाळीवर घासून खाली उतरवाव्यात आणि सगळे पुन्हा पाच मिनिटे मंद आचेवर शिजवावे. ही पाच मिनिटे टाळू नयेत, कारण गुठळ्यांतले पीठ नुकतेच पाण्यात आलेले, अजून कच्चे असते. शिळी आंबील गरम करतानाही तसेच. ती थिजलेली असते आणि थेट आचेवर ठेवली तर तळाचा भाग करपतो, वरचा गोळा तसाच राहतो. आधी थोडे कोमट पाणी घालून रवीने घुसळून एकसारखी करावी, मग मंद आचेवर ठेवावी. ताक मिसळलेली आंबील मात्र पुन्हा उकळू नये.