भेटीत काय ठरलं?
पालक-शिक्षक भेटीचं ध्वनिमुद्रण ऐकताना कोणती चिंता कोणाची, ते आधी टिपा. चौथीतल्या मुलाची आई म्हणते, ‘याला फळ्यावरचं नीट दिसत नाही.’ बाई म्हणतात, ‘वहीत गणितं अर्धवट असतात.’ ‘मुलाचं अभ्यासात लक्ष नाही’ असा एकच सारांश केला, तर डोळ्यांचा मुद्दाच हरवतो.

मग काय ठरलं ते पाहा. ‘सोमवारपासून मी त्याला पहिल्या बाकावर बसवते,’ असं बाई म्हणाल्या. हे ठरलं, कारण कोण, काय आणि कधी हे तिन्ही त्यात आहे. शिकवणी लावण्याच्या बाईंच्या सूचनेवर आई नुसतं ‘बघू’ म्हणाली. ते ठरलेल्या गोष्टींत घालू नका. डोळे तपासायचं मान्य झालं, पण तारीख बोलण्यात आली नाही. ती मनाने लिहू नका. टिपण दोघींना दाखवून तारीख त्यांच्याकडूनच भरून घ्या.