शून्य-शून्यची बातमी

कोल्हापुरात फुटबॉल पेठांच्या ईर्ष्येवर जगतो, आणि ही ईर्ष्या शाळांमध्येही उतरते. आमची शाळा आणि पलीकडच्या गल्लीतली शाळा समोरासमोर आल्या की गॅलरीत अर्धी पेठ हजर असते. यंदा सामना शून्य-शून्य सुटला. शाळेच्या वार्तापत्रासाठी नववीतल्या मुलीने बातमी आणून दिली. पहिलंच वाक्य होतं : ‘अतिशय चुरशीच्या सामन्यात दोन्ही संघांनी उत्कृष्ट खेळ केला.’

मी म्हटलं, “चुरस कशावरून? वही दाखव.”

वही मात्र बातमीपेक्षा सरस निघाली. पानाच्या मधोमध रेघ मारलेली, डावीकडे आपण, उजवीकडे ते; प्रत्येक नोंदीत मिनिट, जर्सीचा नंबर आणि काय झालं ते. तीस-तीस मिनिटांचे दोन डाव. मध्यंतरापर्यंत जेमतेम चार नोंदी. उत्तरार्धात चौदा, आणि त्यातल्या दहा उजव्या बाजूला. म्हणजे आपण बरोबरीत सुटलो, हेच नशीब! ‘उत्कृष्ट खेळ’ या दोन शब्दांनी नेमकं हेच झाकलं होतं.

गोल झालेल्या सामन्यात बातमीची सुरुवात गोलच ठरवतो. गोलशून्य सामन्यात ती आपण शोधायची असते. आम्हाला ती ५२व्या मिनिटाला सापडली : त्यांच्या ९ नंबरचा हेडर आडव्या खांबावर आदळून परतला. त्यानंतर आपला संघ मधली रेषा क्वचितच ओलांडू शकला. एवढ्यानेच सामन्याचा रंग कळतो. एक बारकावा मात्र सांभाळायचा. खांबाला लागून बाहेर आलेला फटका ‘गोलकीपरने वाचवला’ यात मोजत नाहीत. मुलीने तो मोजला होता, खोडला.

खरी पंचाईत ५७व्या मिनिटाची. कॉर्नरनंतर गोलरेषेवर झटापट झाली, त्यांच्या पोरांनी हात उंचावले, पंचांनी खेळ चालू ठेवला. वहीत मोठ्या अक्षरात : ‘बॉल आत नव्हता!!’

“तू कुठं बसली होतीस?”

“मधल्या रेषेजवळ, सर.”

संपूर्ण चेंडूने संपूर्ण रेषा ओलांडल्याशिवाय गोल होत नाही. चेंडूचा काठ रेषेच्या वर असला, तरी नाही. चेंडूचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. हा हिशोब पन्नास मीटरवरून, तिरकस नजरेने कोणालाच जमत नाही, आपल्या बाजूनेही नाही आणि त्यांच्या बाजूनेही. म्हणून छापलं ते असं : ‘चेंडू रेषेपार गेल्याचा दावा प्रतिस्पर्धी खेळाडूंनी केला, पंचांनी तो अमान्य केला.’ उद्गारचिन्हं गेली. ती थोडी रुसली, ते साहजिकच होतं.

बातमी १६० शब्दांची झाली. पुढच्या सामन्याला वही घेऊन जाणाऱ्यांनी एवढं करावं : दुसऱ्या डावात गोलरेषेच्या सरळ रेषेत जागा धरावी, आणि तिथे आधी कोणी बसलं असेल तर त्याला चहा पाजून उठवावं.