"पैसे दोनदा कापले का?"

आजचा भाग माझ्या एका फसलेल्या मेलबद्दल आहे.

आमच्या एका क्लायंट ताईंचा मसाल्यांचा ऑनलाइन धंदा आहे. सेलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या सिस्टिममध्ये ११ ऑर्डरी दोन-दोनदा दिसायला लागल्या. कारण सापडल्यावर मी घाईघाईत मेल टाकला: "वेबहुक टाइमआउटमुळे रिट्राय आले. आयडेम्पोटन्सी चेक नसल्याने डुप्लिकेट रेकॉर्ड्स झाले. फिक्स चालू आहे."

पाच मिनिटांत ताईंचा फोन. "अरे, लोकांचे पैसे दोनदा कापले का?"

उत्तर होतं "नाही", आणि माझ्या मेलमध्ये ते कुठेच नव्हतं.

झालं होतं असं. पैसे जमा झाले की पेमेंट कंपनी आपल्या सर्व्हरला निरोप पाठवते. "मिळाला" असं उत्तर वेळेत गेलं नाही, तर तोच निरोप पुन्हा येतो. सेलच्या गर्दीत आमचं उत्तर उशिरा गेलं, आणि दुसरा निरोप आधीचाच आहे का, हे आमच्या कोडने तपासलंच नाही.

मग मी दुसरा मसुदा लिहिला: "समजा, एक पोस्टमन आहे..." शेजारच्या सहकारीने वाचला आणि म्हणाली, "त्या वीस वर्षं धंदा करतायत. पावती दोनदा फाटणं म्हणजे काय, हे त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं." खरं होतं. गोष्ट कापली. शेवटी हा मेल गेला:

"नमस्कार ताई, कोणाचेही पैसे दोनदा कापलेले नाहीत. ११ ग्राहकांच्या ऑर्डरी मात्र दोनदा नोंदल्या गेल्या. त्यातल्या ३ जणांना जादा पार्सल गेलंय, ८ पार्सलं थांबवली आहेत. चूक आमच्या कोडची आहे: एकाच पेमेंटची सूचना दोनदा आली, आणि आम्ही दोन ऑर्डरी धरल्या. आज संध्याकाळी ६ पर्यंत दुरुस्ती होईल. तोवर पॅकिंगआधी पेमेंट आयडी तपासा. तोच आयडी दोन ऑर्डरींवर दिसला तर एकच पाठवा. गेलेली ३ पार्सलं परत मागवायची का, हे तुम्ही ठरवा. यादी जोडली आहे."

बघा, "पेमेंट आयडी" हा शब्द मी ठेवला, कारण तो ताईंना रोज स्क्रीनवर दिसतो. त्यांच्या स्क्रीनवर, बिलात किंवा गोदामात जो शब्द आहे, तो चालतो. फक्त आमच्या कोडमध्ये असलेला शब्द मेलमधून गाळायचा, पण त्यामागचं कारण गाळायचं नाही. नुसतं "तांत्रिक अडचण होती" लिहिलं, तर पुढच्या सेलला हे पुन्हा होईल का, याचा अंदाज त्यांना कसा येणार?

ताईंचं उत्तर एका ओळीचं होतं: "३ पार्सलं राहू देत, ग्राहक खूश होतील. पण पुढच्या सेलआधी दोनदा तपासा."

तपासलं. त्याचाही मेल पाठवला. भेटूया पुढच्या भागात!