लाल चेहरा आणि वाढलेला आकडा

गोळी घेतल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत आधी कान तापतात. मग गाल, मान, छाती. कातडी लालबुंद होते, खाज सुटते, मिरच्यांचा ठेचा वाटून झाल्यावर हात चुकून तोंडाला लागावा तशी आग होते. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला वाटतं, आता काही खरं नाही. तासाभरात सगळं ओसरतं. नायसिन नावाची ही गोळी हृदयविकाराचे रुग्ण वर्षानुवर्षं ही आग सोसत घ्यायचे, कारण तिने ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ वाढतं असं त्यांना सांगितलेलं असायचं. ते खोटंही नव्हतं. रिपोर्टमधला आकडा खरोखर वाढायचा.

नायसिन म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. त्याचं रासायनिक नाव निकोटिनिक आम्ल. लोकांना ते तंबाखूतल्या निकोटिनचं भावंड वाटू नये म्हणून १९४०च्या दशकात हे नवं नाव पाडण्यात आलं. आहारात ते फारच कमी पडलं तर पेलाग्रा होतो: उन्हाला लागणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब, भ्रम. हा रोग मका खाणाऱ्या गरिबांचा म्हणून जगभर ओळखला जात होता. पण दख्खनमध्ये जवळजवळ फक्त ज्वारीवर जगणाऱ्या मजुरांमध्येही तो दिसत असे, आणि हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला होता. हे सगळं कमतरतेबद्दल झालं. त्यासाठी दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास नायसिन पुरतं. हृदयविकारासाठी जी गोळी दिली जायची, तिचा डोस होता दिवसाला दीड ते तीन ग्रॅम, म्हणजे गरजेच्या शंभर ते दोनशे पट. एवढ्या मात्रेत ते जीवनसत्त्व राहत नाही, औषध होतं, आणि औषधासारखंच वागतं.

ही गोष्ट पहिल्यांदा कॅनडातल्या सॅस्कॅचवान प्रांतात लक्षात आली. रुडॉल्फ आल्टशूल हे शरीररचनाशास्त्रज्ञ आणि एब्रम हॉफर हे मनोविकारतज्ज्ञ. हॉफर त्या काळात मनोरुग्णांना निकोटिनिक आम्लाचे मोठे डोस देऊन पाहत होते, आणि आल्टशूल यांना रक्तवाहिन्या कशा खराब होतात यात रस होता. १९५५ साली त्यांनी आणखी एका सहकाऱ्यासह दाखवून दिलं की या मोठ्या डोसांनी रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. स्टॅटिन वर्गाची औषधं बाजारात यायला अजून तीस वर्षं होती. त्यामुळे डॉक्टरांच्या हाती जी मोजकी हत्यारं होती, त्यांत हे एक आलं.

अमेरिकेत १९६६ ते १९७५ दरम्यान ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ नावाची मोठी चाचणी झाली. आधीच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ८ हजारांहून अधिक पुरुषांना वेगवेगळी औषधं दिली गेली, त्यांतलं एक नायसिन. नायसिन घेणाऱ्यांना पुन्हा झटका येण्याचं प्रमाण साधारण चतुर्थांशाने कमी झालं. मृत्यू मात्र त्या काळात कमी झाले नाहीत. पण पंधरा वर्षांनी त्याच लोकांचा मागोवा घेतला तेव्हा नायसिनच्या गटातले मृत्यू थोडे कमी निघाले. पुढची तीस वर्षं नायसिनची पत टिकली ती मुख्यतः या एका चाचणीच्या जोरावर. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागेल, कारण पुढे सगळं तिच्यावरच फिरतं: या पुरुषांपैकी कुणीही स्टॅटिन घेत नव्हतं.

दरम्यान एचडीएलचा बोलबाला सुरू झाला होता. फ्रेमिंगहॅम या अमेरिकन गावातल्या लोकांचा दीर्घकाळ चाललेला अभ्यास सांगत होता, की ज्यांचं एचडीएल जास्त, त्यांना हृदयविकार कमी. एलडीएल वाईट, एचडीएल चांगलं, अशी सोपी वाटणी झाली आणि ती लिपिड प्रोफाइलच्या कागदापर्यंत पोहोचली. स्टॅटिनने एलडीएल छान उतरतं, एचडीएल मात्र फारसं हलत नाही. नायसिन ते १५ ते ३५ टक्के वाढवायचं, वर ट्रायग्लिसराइड उतरवायचं. बाजारात त्याच्या तोडीचं दुसरं औषध नव्हतं. १९९७ मध्ये नायस्पॅन ही हळूहळू विरघळणारी गोळी अमेरिकेत मंजूर झाली. रात्री झोपताना घ्यायची, म्हणजे आग झोपेत निघून जाते. अर्धा तास आधी अ‍ॅस्पिरिन घेतलं तर आणखी बरं, कारण ही आग कातडीतल्या पेशींनी सोडलेल्या प्रोस्टाग्लँडिनमुळे होते आणि अ‍ॅस्पिरिन तेच अडवतं. सगळं जुळून आलं होतं. फक्त एक प्रश्न कुणी नीट विचारला नव्हता: स्टॅटिन घेणाऱ्या माणसाचं एचडीएल वाढवलं, तर त्याचा झटका टळतो का?

तो विचारायला ‘एम-हाय’ ही चाचणी आखली गेली. अमेरिका आणि कॅनडातले ३,४१४ रुग्ण. सगळ्यांना हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार, सगळ्यांचं एचडीएल कमी, ट्रायग्लिसराइड जास्त. आपल्याकडच्या पोट सुटलेल्या, साखर चढू लागलेल्या मध्यमवयीन माणसाचा रिपोर्ट डोळ्यांपुढे आणा, तो साधारण असाच असतो. प्रत्येकाला स्टॅटिन, गरज पडली तर जोडीला आणखी एक औषध देऊन एलडीएल ८० मिलिग्रॅमच्या खाली आणून ठेवलं. त्यावर निम्म्यांना नायसिन, निम्म्यांना बनावट गोळी.

इथे एक गंमतीदार अडचण होती. चाचणीत कुणाला खरी गोळी मिळाली हे रुग्णाला कळता कामा नये. पण ज्याचा चेहरा लाल होतो, त्याला ते कळणारच. म्हणून बनावट गोळीतही ५० मिलिग्रॅम साधं नायसिन घातलं गेलं. कान तापायला तेवढं पुरतं, कोलेस्टेरॉल हलवायला पुरत नाही. दोन्ही गटांचे कान तापले, आणि तुलना प्रामाणिक राहिली.

दोन वर्षांनी नायसिनवाल्यांचं एचडीएल ३५वरून ४२ झालं. ट्रायग्लिसराइड उतरलं, एलडीएल आणखी खाली गेलं. कागदावर पाहिलं तर उपचार फत्ते. मग प्रत्यक्ष घटना मोजल्या: झटके, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू, रक्तवाहिनी तातडीने उघडावी लागणं. नायसिनच्या गटात अशा २८२ जणांना फटका बसला, दुसऱ्या गटात २७४ जणांना. तीन वर्षांचा सरासरी काळ, आणि फरक शून्य. पुढे चालवूनही काही निघणार नाही हे दिसल्यावर मे २०११ मध्ये चाचणी ठरल्यापेक्षा दीड वर्ष आधी थांबवली.

नायसिनचे कैवारी म्हणाले, चाचणी लहान होती. ते म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण त्याच वेळी ऑक्सफर्डच्या देखरेखीखाली ब्रिटन, स्कँडिनेव्हिया आणि चीनमध्ये २५,६७३ रुग्णांवर दुसरी चाचणी चालू होती, ‘एचपीएस-२ थ्राइव्ह’. तिच्यात दोन ग्रॅम नायसिनसोबत आग रोखणारं लॅरोपिप्रँट हे औषधही होतं. चार वर्षांच्या आसपास मागोवा घेतला. हजार माणसांच्या हिशेबात सांगायचं तर नायसिन घेणाऱ्या हजारांत १३२ जणांना मोठी हृदय-रक्तवाहिन्यांची घटना झाली, न घेणाऱ्या हजारांत १३७ जणांना. पाचाचा फरक, आणि तोही योगायोगाने पडू शकेल असा.

दुसऱ्या पारड्यात मात्र योगायोग नव्हता. ज्यांना आधीपासून मधुमेह होता, त्यांच्यापैकी हजारामागे ३७ जणांची साखर जास्तीची गंभीरपणे बिघडली. ज्यांना नव्हता, त्यांच्यात हजारामागे १३ जण नव्याने मधुमेही झाले. पोटाचे त्रास, स्नायूंचे त्रास, रक्तस्राव वाढले, आणि ज्याची फारशी अपेक्षा नव्हती ते गंभीर जंतुसंसर्गही वाढले. मधुमेहाच्या काठावर असलेला, एचडीएल कमी असलेला माणूस हाच तर या गोळीचा मुख्य गिऱ्हाईक होता. यातला काही दोष लॅरोपिप्रँटचा असेल अशी शंका घेतली गेली. ती पूर्ण खोडून काढता येत नाही. पण एम-हायमध्ये ते औषध नव्हतं आणि तिथेही फायदा दिसला नव्हता. नायसिन-लॅरोपिप्रँटची जोडगोळी २०१३च्या सुरुवातीला बाजारातून मागे घेतली गेली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने स्टॅटिनच्या जोडीने नायसिन देण्याची मान्यताही काढून घेतली.

मग चांगलं कोलेस्टेरॉल वाढून फायदा का झाला नाही? मला हे आपल्या घंटागाडीच्या उदाहरणाने पटतं. एचडीएल ही रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताच्या डेपोत नेणारी गाडी. प्रयोगशाळा मोजते ते त्या क्षणी रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये किती कचरा भरलेला आहे तेवढंच. गल्लीतून किती उचलला, डेपोत किती उतरवला, हे त्या आकड्यात नसतं. नायसिन बऱ्याच अंशी डेपोच्या दारावर काम करतं. यकृत एचडीएलचे कण मोडीत काढतं तो वेग ते मंदावतं. गाड्या जास्त वेळ रस्त्यावर राहतात, आकडा वाढतो. गल्ली तेवढीच घाण राहू शकते.

उदाहरणाने सिद्ध काही होत नाही, म्हणून पुरावाही सांगतो. काही लोकांना जन्मतःच एका जनुकातल्या फरकामुळे एचडीएल पाच-साडेपाच मिलिग्रॅमने जास्त मिळतं, बाकी कोलेस्टेरॉल इतरांसारखंच. एचडीएल स्वतः संरक्षण करत असतं, तर आयुष्यभर ते जास्त असलेल्या या लोकांना झटके ठळकपणे कमी यायला हवे होते. २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात तसं दिसलं नाही. त्याआधी २००६ मध्ये टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधाने एचडीएल ७२ टक्के वाढवलं होतं आणि मृत्यूही वाढले, म्हणून त्याची चाचणी घाईने बंद करावी लागली. कमी एचडीएल ही बहुतेक वेळा खूण असते. वाढलेलं पोट, चढलेली साखर, धूम्रपान, जास्त ट्रायग्लिसराइड जिथे असतात, तिथे ते कमी असतं. खूण पुसली म्हणून मूळ कारण जात नाही.

आणि १९७०च्या दशकातला तो फायदा? तो खोटा असण्याचं कारण नाही. स्टॅटिनशिवाय जगणाऱ्या त्या पुरुषांचं एकूण कोलेस्टेरॉल नायसिनने १० टक्क्यांच्या आसपास उतरलं होतं, आणि बहुधा फायदा त्यातूनच आला. आज ते काम स्टॅटिन अधिक चांगलं आणि कमी त्रासात करतं.

त्यामुळे एचडीएल ३४ असा रिपोर्ट घेऊन कुणी गेलं, तर आजचा डॉक्टर त्या आकड्याला औषध देत नाही. तो एलडीएल, साखर आणि रक्तदाब पाहतो, कमरेचा घेर मोजतो, सिगरेटचं विचारतो. नायसिन मात्र ‘जीवनसत्त्व’ या लेबलाखाली दुकानात आणि ऑनलाइन चिठ्ठीशिवाय मिळतं, आणि परदेशातला मुलगा किंवा भाचा त्याची मोठी बाटली आणून देतो. तिच्यावर काय छापलंय ते वाचून घ्यावं. नायसिनॅमाइड असेल तर चेहरा लाल होत नाही, पण कोलेस्टेरॉलही हलत नाही. अगदी हळू विरघळणारं नायसिन असेल तर आग कमी होते, पण यकृताला इजा होण्याचा धोका साध्या गोळीपेक्षा जास्त असतो. अशी बाटली घरात असेल आणि महिनोन्‌महिने चालू असेल, तर पुढच्या भेटीला ती सोबत नेऊन डॉक्टरांसमोर ठेवावी. औषधं विचारली की लोक जीवनसत्त्वं मोजत नाहीत, आणि वाढलेल्या साखरेचं कारण मग दुसरीकडेच शोधलं जातं.