सोळावा हिस्सा कुठे हरवतो?

अमेरिकेतला खरेदीदार शर्टांची ऑर्डर देतो तेव्हा सोबत मापांचा एक तक्ता पाठवतो. कारखान्यात त्याला ‘स्पेक शीट’ म्हणतात. डावीकडे छाती, खांदा, बाहीची लांबी, कॉलरची उंची अशी मापांची नावं, वरच्या ओळीत एस, एम, एल, एक्सएल अशा साइझ, आणि चौकटींत इंच, तेही अपूर्णांकांत: १६ ७/८, १७ ५/८, ३ ३/१६. आपल्याकडचे सुतार आणि फॅब्रिकेशनवाले आजही आठ सुतांचा इंच धरतात, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण पॅटर्न आता कॅडवर बनतो आणि हिशेब एक्सेलमध्ये चालतो. तिथे हे आकडे दशांशात न्यावे लागतात.

मूळ फाइल हाती असली तर प्रश्नच नाही. मात्र नमुना तपासताना छापील तक्त्यावरच पेनने दुरुस्त्या होतात, आणि मग त्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो कारखान्यात येऊन पडतो. माप बिघडतं ते बहुतेक वेळा या फोटोपासून एक्सेलच्या चौकटीपर्यंतच्या वाटेवर.

गणित आपल्या बाजूचं आहे

अंशाला छेदाने भागायचं आणि उत्तर पूर्णांकात मिळवायचं, एवढंच हे गणित. १८ ३/८ म्हणजे १८ अधिक ०.३७५, म्हणजे १८.३७५. एक तृतीयांशाचं दशांश रूप ०.३३३ करत कधीच संपत नाही, तसं इंचाच्या अपूर्णांकांचं होत नाही. इंचाचे भाग निम्म्याने पडत जातात: अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा, बत्तिसावा. निम्मं करत गेल्यावर दशांश नेहमी कुठेतरी थांबतो. अर्ध्याला एक घर पुरतं (०.५), पावाला दोन (०.२५), अष्टमांशाला तीन (०.१२५), सोळाव्याला चार (०.०६२५). म्हणून सोळाव्या हिश्शांत लिहिलेला तक्ता चार घरांच्या दशांशात तंतोतंत उतरतो. काटछाट करायचं कारणच उरत नाही.

फोटोत काय फसतं

तक्ता इंग्रजी आकड्यांत असतो आणि अपूर्णांकाचे आकडे बारीक छापलेले असतात. फोटो पाठवताना दाबला गेला की त्यातले तीन, पाच आणि आठ एकमेकांसारखे दिसू लागतात. तिरपी रेघ एकच्या आकड्यासारखी दिसते. इंचाची खूण असलेल्या दोन उभ्या रेघा अकरा म्हणून वाचल्या जातात. ‘१०-३/८’ असं लिहायची पद्धतही आहे. तिथली आडवी रेघ वजाबाकीची नसून फक्त पूर्णांक वेगळा दाखवणारी असते.

यातली सर्वांत फसवी चूक रिकाम्या जागेची. १५ ३/८ मधली फट मिटली की १५३/८ उरतं. आता १५३ ला ८ ने भागलं की १९.१२५ येतं. हा आकडा वेडावाकडा दिसत नाही. खांद्याचं माप म्हणून तो सहज खपून जातो. फोटोतून मजकूर उचलणारं अ‍ॅप वापरा किंवा डोळ्यांनी वाचून टाइप करा, हा धोका दोन्हीकडे सारखाच.

म्हणून दशांश काढण्याआधी प्रत्येक अपूर्णांकाकडे एकदा नीट बघावं. छेद २, ४, ८, १६ किंवा ३२ यांपैकीच असायला हवा. १/१८ किंवा ३/६ दिसलं तर वाचण्यात चूक झाली असं धरून चालावं. अंश छेदापेक्षा लहान हवा. १५३/८ इथेच पकडलं जातं. आणि अंश सहसा विषम असतो, कारण ४/८ ला कुणी १/२ च लिहील. काही तक्त्यांत २/८, ४/८ असं लिहिलेलं असतं, पण मग ती सवय सगळ्या तक्त्याला सारखी असते. एकट्याच चौकटीत सम अंश आला तर फोटो मोठा करून बघावा.

शेजारच्या साइझची साक्ष

तरीही ३/८ च्या जागी ५/८ वाचलं गेलं तर या कसोट्या काही बोलणार नाहीत, कारण दोन्ही अपूर्णांक रीतसर आहेत. अशा वेळी ग्रेडिंग कामाला येतं. एका साइझवरून पुढच्या साइझवर जाताना प्रत्येक माप ठरावीक अंतराने वाढतं, त्याला ग्रेडिंग म्हणतात. समजा, खांद्याची ओळ अशी आहे: एस १६ ७/८, एम १७ ५/८, एल १८ ३/८, एक्सएल १९ १/८. दशांशात १६.८७५, १७.६२५, १८.३७५, १९.१२५. प्रत्येक पायरी ०.७५ ची, म्हणजे पाऊण इंचाची.

आता एल साइझचं माप चुकून १८ ५/८ वाचलं गेलं असं धरू. पायऱ्या होतात ०.७५, १.०० आणि ०.५०. एक पायरी पाव इंचाने मोठी आणि लगेच पुढची तेवढ्याच पाव इंचाने लहान. ही जोडी दिसली की मधला आकडा चुकला हे जवळजवळ नक्की समजावं.

पाव इंच म्हणजे साडेसहा मिलिमीटरांच्या आतबाहेर, एवढ्याने काय बिघडतं, असं वाटेल. पण खांद्याला कमी-जास्त पाव इंचाची सूट, म्हणजे टॉलरन्स, असेल तर १८ ३/८ चा माल १८.१२५ ते १८.६२५ या मर्यादेत बसायला हवा. चुकीचं वाचलेलं माप नेमकं १८.६२५ आहे, वरच्या काठावरचं. शिवणीत माप थोडं इकडेतिकडे होणारच. त्यामुळे ज्या ज्या शर्टात ते जरासं वाढेल, तो तो शर्ट तपासणीत बाद होईल, आणि शिवणाऱ्याचा त्यात काडीचाही दोष नसेल.

या साक्षीलाही मर्यादा आहे. ओळीच्या टोकाचा आकडा, म्हणजे सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठी साइझ, चुकली तर एकच पायरी बिघडते. मोठ्या साइझना काही खरेदीदार मुद्दाम जास्त वाढ देतात, त्यामुळे ती वाढ खरी की वाचण्यातली चूक हे आकड्यांवरून कळत नाही. तिथे मर्चंडायझरने खरेदीदाराला विचारून घ्यावं, अंदाज करू नये.

एक्सेलमध्ये तीन खाने

चौकटीत नुसतं ३/८ टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. भारतीय पद्धतीच्या तारखा लावलेल्या असतील तर ती ३ ऑगस्ट होते, आणि तिचं आकड्यात रूपांतर केलं की चाळीस हजारांच्या पुढचा भलताच आकडा हाती येतो. त्यापेक्षा पूर्णांक, अंश आणि छेद वेगवेगळ्या खान्यांत भरावेत. वर बघितलेली रिकाम्या जागेची चूकही त्याने टळते, कारण भरणाऱ्याला प्रत्येक भाग वेगळा वाचावाच लागतो. बी मध्ये पूर्णांक, सी मध्ये अंश, डी मध्ये छेद असेल तर ई मध्ये दशांश आणि एफ मध्ये तपासणी अशी येते:

```
E2:  =B2+C2/D2
F2:  =MOD(E2*16,1)
```

माप पूर्ण इंचात असेल तर अंश ० आणि छेद १ भरावा, नाहीतर शून्याने भागल्याची चूक दिसेल. दुसरं सूत्र दशांशाला १६ ने गुणतं आणि काही उरतं का ते बघतं. १८.३७५ गुणिले १६ म्हणजे २९४, बाकी शून्य. उत्तर शून्य नसेल तर तो आकडा सोळाव्या हिश्शांत बसत नाही. तक्त्यात बत्तिसावे हिस्से असतील तर १६ च्या जागी ३२ घालावेत.

काटछाट शेवटी, एकदाच

शर्टाला सात बटणं आहेत आणि दोन बटणांमध्ये ३ ३/१६ इंच अंतर आहे असं धरा. दशांशात ते ३.१८७५. सहा अंतरं मिळून १९.१२५ इंच. कुणी सोपं म्हणून ३.२ धरलं तर एकूण १९.२ होतं, आणि शेवटचं बटण जवळपास दोन मिलिमीटर खाली सरकतं. ३.१९ धरलं तर फरक अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो. कापडात तो दिसणारही नाही.

मग दोन घरं ठेवून भागणार नाही का? मापापुरतं भागेल, तपासणीपुरतं नाही. ३.१९ ला १६ ने गुणलं की ५१.०४ येतं आणि वरची कसोटी निष्कारण धोक्याचा इशारा देते. अष्टमांशाने वाढणारी कॉलरची ओळ घ्या: १६, १६ १/८, १६ १/४, १६ ३/८. दोन घरांत ती १६.००, १६.१३, १६.२५, १६.३८ होते, आणि सारख्या पायऱ्या ०.१३, ०.१२, ०.१३ अशा डगमगू लागतात. खरी चूक आणि काटछाटीमुळे पडलेला फरक यांत भेद करणं मग अवघड होतं.

एक्सेलमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. दोनच घरं दिसावीत अशी मांडणी केली तरी आत ३.१८७५ शाबूत असतं. पण तीच शीट ‘सीएसव्ही’ म्हणून सेव्ह केली की पडद्यावर दिसणारं ३.१९ तेवढं फाइलमध्ये जातं. कॅडकडे आकडे पाठवण्याआधी दशांशाची चारही घरं दिसतील असं करून घ्यावं.

मिलिमीटर हवे असतील तर पूर्ण दशांशाला २५.४ ने गुणावं. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, हे १९५९ सालच्या आंतरराष्ट्रीय करारापासून ठरलेलं आहे, त्यामुळे इथेही काही निसटत नाही. ३.१८७५ इंच म्हणजे ८०.९६२५ मिलिमीटर, आता ते ८१ लिहायला हरकत नाही, कारण यापुढे गुणाकार करायचा नाही.

चार घरं जपली म्हणून टेप तेवढी बारीक मोजू लागत नाही. कापड किती काटेकोर हवं हे तक्त्यातला टॉलरन्स ठरवतो. चार घरांचं काम खरेदीदाराने लिहिलेला आकडा जसाच्या तसा कटिंग टेबलापर्यंत पोहोचवणं एवढंच आहे. तेव्हा फोटो मागवताना तो कागद सपाट ठेवून, वरून सरळ काढलेला असावा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेला असावा, असं आधीच सांगा. आणि पायऱ्यांचा खाना तपासून होईपर्यंत कात्री चालवू देऊ नका.